कडू बदाम, कच्चा कसावा आणि सायनाइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासाच्या महिन्यांत साबुदाण्याबद्दलचे घाबरवणारे मेसेज हमखास फिरू लागतात. बदामाच्या पाकिटात एखादा कडू दाणा निघाला की घरातलं कुणीतरी विचारतं, "गिळला तर काय होईल?" दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर कसाव्यावर जास्त आहे, कारण जगात कोट्यवधी लोकांचं रोजचं पोट त्यावर भरतं, आणि विष काढण्याचं शास्त्र त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

कसावा म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे कुठे मिळतो?

केरळात ज्याला कप्पा म्हणतात, तोच हा कंद. इंग्रजी वळणाने टॅपिओका, मराठीत साबुकंद. मूळ दक्षिण अमेरिकेचा. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाल यांनी एकोणिसाव्या शतकात भाताची टंचाई भागवायला त्याची लागवड वाढवली, आणि आजही केरळात मासळीच्या कालवणाबरोबर तो चवीने खातात. महाराष्ट्रात बहुतेकांनी अख्खा कंद पाहिलेलाही नसतो, पण आपण तो वर्षभर खातो. आपल्या खिचडीतला साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा असतो आणि त्यातला बराचसा तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो.

कंदात सायनाइड आधीपासूनच असतं का?

मोकळं सायनाइड नसतं, आणि पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. कंदात लिनामरिन नावाचं संयुग असतं. साखरेला बांधलेलं सायनाइड, असं त्याचं रूप आहे. ते पेशीच्या आतल्या रिक्तिकेत साठवलेलं असतं. त्याला फोडणारं एन्झाइम, लिनामरेज, बसतं पेशीच्या भिंतीत. कंद शाबूत असेपर्यंत या दोघांची गाठ पडत नाही.

कंद चिरला, किसला, कुटला किंवा किड्याने चावला की पेशी फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. लिनामरिनमधून साखर सुटते आणि ॲसिटोन सायनोहायड्रिन नावाचं मधलं संयुग उरतं. तेही पुढे फुटतं आणि हायड्रोजन सायनाइड मोकळं होतं. हे सायनाइड साधारण 26 अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आपोआप वाफ होऊन उडून जातं. झाडासाठी ही व्यवस्था किडे-जनावरांपासून स्वतःला वाचवण्याची आहे.

कडू बदामात योजना तीच, नावं वेगळी. तिथलं संयुग अमिग्डालिन. बदाम चावला की तेही एन्झाइमांच्या हाती लागतं आणि त्यातून दोन गोष्टी सुटतात: बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. ‘बदामाचा इसेन्स’ म्हणून आपण ओळखतो तो वास या बेंझाल्डिहाइडचा. तो वास आला म्हणजे सायनाइड आहेच असं नाही, आणि नाही आला म्हणजे सायनाइड नाही असंही नाही. हायड्रोजन सायनाइडचा वास कित्येकांना येतच नाही, त्यामुळे नाकावर विसंबू नये.

मग शिजवलं की झालं ना? उष्णतेने विष मरतं.

या विषयातला सगळ्यात धोकादायक गैरसमज हाच आहे.

उष्णतेने आधी मरतं ते एन्झाइम. कंदाचे मोठे तुकडे सोलून थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर लिनामरेज काही मिनिटांत निकामी होतं, आणि लिनामरिन मात्र उकळण्याने फारसं फुटत नाही. ते तुकड्याच्या आत जसंच्या तसं राहतं. मोजमापांत असं दिसलं आहे की मोठ्या फोडी उकळल्या तर साधारण तीन चतुर्थांश संयुग आतच उरतं. अगदी लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकळले, तर एक चतुर्थांशच्या आसपास उरतं. हा फरक उष्णतेचा नाही, पाण्याचा आहे. लिनामरिन पाण्यात विरघळतं, लहान तुकड्यातून लवकर बाहेर येतं आणि पाणी फेकलं की त्याच्याबरोबर जातं.

उरलेलं लिनामरिन आतड्यातले जीवाणू फोडू शकतात, म्हणजे जे काम ताटाबाहेर व्हायला हवं होतं ते पोटात होतं. बदाम भाजण्याची गोष्टही तशीच. भाजल्याने एन्झाइम मरतं, पण अमिग्डालिन बऱ्यापैकी टिकतं. "भाजलेला कडू बदाम चालतो" हे म्हणूनच खरं नाही.

कसाव्याच्या बाबतीत क्रम लक्षात ठेवा: आधी पेशी फोडायच्या, मग एन्झाइमला ओलसर अवस्थेत वेळ द्यायचा, आणि उष्णता शेवटी. क्रम उलटा केला की विष आतच राहतं.

हे करण्याच्या जुन्या पद्धती कोणत्या?

पश्चिम आफ्रिकेतली गारी ही मला यातली सगळ्यात शहाणी पद्धत वाटते. कंद सोलतात (सालीत संयुग जास्त असतं), बारीक किसतात, कीस पोत्यात भरून त्यावर दगड किंवा दाबयंत्र ठेवतात. पाणी निथळत राहतं आणि दोन-चार दिवस कीस आंबतो. मग तो चाळून मोठ्या उथळ कढईत सतत हलवत भाजतात. किसण्याने पेशी फुटतात, दाबण्याने विरघळलेलं संयुग पाण्याबरोबर जातं, थांबण्याने एन्झाइमचं काम पूर्ण होतं. एक बारकावा मात्र आहे. आंबवल्याने कीस आंबट होतो आणि आंबट वातावरणात ते मधलं संयुग, ॲसिटोन सायनोहायड्रिन, टिकून राहतं. ते घालवण्यासाठी शेवटची भाजणी लागतेच. चारही पायऱ्या नीट झाल्या तर मूळ संयुगाच्या जेमतेम दोन टक्के उरतं.

मध्य आफ्रिकेत कंद तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालतात. ते मऊ पडून फुटतात, मग वाळवून दळतात. ही पद्धतही चांगली आहे. अट एवढीच की भिजवण्याचे दिवस कापायचे नाहीत.

सगळ्यात कच्ची पद्धत म्हणजे कंद सोलून, लांब फोडी करून थेट उन्हात वाळवणं. यात पेशी फारशा फुटत नाहीत आणि तुकडा सुकला की एन्झाइमला लागणारा ओलावाच संपतो. या पद्धतीत 25 ते 33 टक्के लिनामरिन शिल्लक राहतं. मूळ कंद सौम्य असेल तर निभावतं, कडू असेल तर नाही.

केरळातली घरगुती पद्धत वेगळी आहे. तिथे खायला सौम्य वाण निवडतात, लहान तुकडे करतात, भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी ओतून देतात. ओल्या खोबऱ्याचं वाटण पडतं ते त्यानंतर. पाणी फेकण्याची ही पायरी कुणी "सत्त्व जातं" म्हणून गाळू नये.

साबुदाण्यात सायनाइड असतं का? खिचडी खावी की नाही?

खावी. साबुदाण्याबद्दल घाबरायचं कारण नाही, आणि ते का हे त्याच्या कारखान्यात स्पष्ट दिसतं.

सेलमकडे कारखान्यात कंद आले की धुऊन साल काढतात. मग दातेरी रोलरवर ते इतके बारीक किसतात की जवळजवळ लगदा होतो. लगद्यावर पाणी सोडून चाळणीतून दुधाळ द्रव काढतात आणि टाक्यांत काही तास निवळायला ठेवतात. ज्यांनी घरी कुरडईसाठी गव्हाचा चीक काढला आहे त्यांना हे चटकन कळेल: चीक तळाशी बसतो आणि वरचं पाणी ओतून देतात. लिनामरिन पाण्यात विरघळणारं असल्याने ते त्या वरच्या पाण्याबरोबर जातं. तळाचा स्टार्च ओलसर असताना झोळीसारख्या कापडात हलवून त्याचे दाणे करतात, ते तव्यावर भाजतात किंवा वाफवतात, आणि अंगणात पसरून उन्हात वाळवतात. किसणं, धुणं, निवळणं, उष्णता, ऊन. या सगळ्यातून उरतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

सेलमच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या एच-226 सारख्या वाणांत सायनाइड देणारं संयुग घरी खायच्या वाणांपेक्षा जास्त असतं, तरीही साबुदाणा सुरक्षित निघतो. पण ते संयुग नाहीसं होत नाही, सांडपाण्यात जातं. म्हणून या कारखान्यांच्या सांडपाण्यात सायनाइड सापडतं आणि त्यावर प्रक्रिया न करता ते ओढ्याला किंवा शेताला सोडणं गंभीर गोष्ट आहे. माझ्या मते साबुदाण्याबद्दल काळजी करायचीच असेल तर ती ताटाची नाही, त्या गावांच्या विहिरींची करावी.

मग कसाव्याने लोक खरंच आजारी पडतात का? कुठे?

पडतात. सप्टेंबर 2017 मध्ये युगांडाच्या पश्चिमेकडच्या कासेसे जिल्ह्यात एका अंत्यविधीनंतर जेवलेले लोक रात्रीतून उलट्या, पोटदुखी आणि जुलाब होऊन दवाखान्यात येऊ लागले. शोध घेतल्यावर एकूण 98 रुग्ण सापडले. दोघं दगावले. सगळ्यांच्या जेवणात कसाव्याच्या पिठाचा घट्ट गोळा होता आणि पिठाचा माग एकाच घाऊक विक्रेत्यापर्यंत गेला. पिठात सायनाइड देणाऱ्या संयुगांचं प्रमाण सरासरी 88 मिलिग्रॅम प्रति किलो निघालं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात कसाव्याच्या पिठासाठी मर्यादा आहे 10 मिलिग्रॅम प्रति किलो.

याचा अर्थ किती, ते मोजून पाहू. पंधरा किलो वजनाच्या मुलाने असं शंभर ग्रॅम पीठ खाल्लं, तर पोटात 8.8 मिलिग्रॅम सायनाइड जाण्याची शक्यता. म्हणजे शरीराच्या दर किलोला जवळजवळ 0.6 मिलिग्रॅम. माणसासाठी सायनाइडची प्राणघातक मात्रा दर किलोला 0.5 ते 3.5 मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ते मूल धोक्याच्या रेषेच्या आत गेलं. तेच पीठ 10 मिलिग्रॅमचं असतं, तर पोटात एक मिलिग्रॅमच गेलं असतं. साठ किलोचा मोठा माणूस 88 मिलिग्रॅमचं दोनशे ग्रॅम पीठ खाऊनही त्या रेषेच्या खाली राहतो. आजारी पडेल, पण बहुधा वाचेल. एकाच ताटातून जेवलेल्या घरात मुलांना जास्त का होतं, हे यावरून कळतं.

एकदाच विषबाधा होते, की हळूहळूही?

हळूहळू होते ती जास्त क्रूर आहे. थोडं सायनाइड शरीर स्वतःच निकामी करतं. गंधक वापरून ते त्याचं थायोसायनेट बनवतं आणि लघवीवाटे टाकतं. हे गंधक येतं प्रथिनांतून, डाळ, मासे, अंडी, मांस यांतल्या अमिनो आम्लांतून. ज्याच्या ताटात महिनोन्महिने फक्त कसावा आहे, त्याच्याकडे सायनाइड जास्त येतं आणि ते परतवायला गंधकच नसतं.

1981 मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात हेच घडलं. दुष्काळ पडला. पाणी कमी पडलं की कंदात संयुग वाढतं. बाकीची पिकं गेल्यामुळे लोक केवळ कडू कसाव्यावर जगत होते, आणि भूक एवढी की प्रक्रियेचे दिवस कमी केले गेले. हजारापेक्षा जास्त लोकांचे, मुख्यतः बायका आणि मुलांचे, दोन्ही पाय अचानक ताठले. पुढे जगभर माहीत झालेले स्वीडिश डॉक्टर हान्स रोस्लिंग तेव्हा तिथे काम करत होते आणि हा आजार समजून घेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आजाराचं नाव कोंझो. 1938 साली बेल्जियन काँगोत डॉक्टर ट्रॉली यांनी त्याचं वर्णन केलं होतं. तो वाढत जात नाही, पण बराही होत नाही. ज्या दिवशी पाय जातात, तसेच आयुष्यभर राहतात.

आठवड्यातून दोनदा साबुदाणा किंवा मधूनमधून कप्पा खाणाऱ्या, वरण-भात जेवणाऱ्या माणसाचा या आजाराशी संबंध नाही.

पीठ आधीच घरात आलं असेल, तर त्यातून सायनाइड कमी करता येतं का?

येतं, आणि यासाठीची पद्धत इतकी साधी आहे की तिचं कौतुक वाटतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी ती आफ्रिकेतल्या गावांसाठी बसवली.

पातेल्यात कोरडं पीठ घ्यायचं आणि आतून पातळीवर खूण करायची. मग थोडं थोडं पाणी घालत कालवायचं. पीठ आधी खाली बसतं, मग फुगत वर येतं. पुन्हा खुणेपर्यंत आलं की पाणी थांबवायचं. हे ओलसर पीठ चटईवर किंवा परातीत एक सेंटीमीटरपेक्षा जाड नाही अशा थरात पसरायचं. उन्हात दोन तास, सावलीत पाच तास. मग त्याच दिवशी शिजवायचं. दळताना फुटलेल्या पेशींतलं एन्झाइम पाणी मिळताच पुन्हा कामाला लागतं आणि सायनाइड उडून जातं. प्रमाण तिपटीपासून सहापटीपर्यंत खाली येतं.

तिची मर्यादाही आहे. कासेसेचं 88 मिलिग्रॅमचं पीठ एकदा असं ओलवलं असतं, तर 15 ते 29 मिलिग्रॅमवर आलं असतं. म्हणजे जीवघेणं नाही, पण मर्यादेच्या वरच. अशा पिठाला ही क्रिया दोनदा करावी लागते. आणि आधीच भाजलेल्या पिठात एन्झाइम मेलेलं असेल, तर ओलवून उपयोग नाही.

चवीवरून ओळखता येतं का?

बदामात, बरंचसं. कडू लागला तर थुंका. कसाव्यात चव इशारा देते, पण हमी देत नाही. कडू कंद बहुधा जास्त धोक्याचा असतो. पण न लागलेला कडवटपणा म्हणजे सुरक्षितता नाही, कारण एकाच झाडाचे कंदही सारखे नसतात. मोजायची सोपी पद्धत पिक्रेट कागदाची आहे. पिठाबरोबर बंद बाटलीत हा पिवळा कागद ठेवतात, आणि सायनाइड असेल तर तो तपकिरी होत जातो. जितका गडद, तितकं जास्त.

पाकिटातला एक कडू बदाम गिळला गेला. आता?

मोठ्या माणसाला एका दाण्याने गंभीर काही होत नाही. कडू बदामात सायनाइड किलोला हजार मिलिग्रॅमच्या आसपास मिळालेलं आहे, म्हणजे एका ग्रॅमच्या दाण्यात साधारण एक मिलिग्रॅम. गोड बदामात ते किलोला 25 मिलिग्रॅमच्या घरात असतं. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एका वेळची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोला 20 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ती 1.2 मिलिग्रॅम होते, पंधरा किलोच्या मुलाला फक्त 0.3. म्हणून मुलाला एकही देऊ नये. सात-आठ दाणे लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

रात्रभर भिजवून साल काढलेल्या बदामाबद्दलही विचारतात. गोड बदाम पचायला हलका हवा म्हणून ते करा, पण त्याने कडू बदाम गोड होत नाही. दाणा अख्खा असल्याने आतलं अमिग्डालिन जागेवरच राहतं.

मग कडू बदाम वापरतच नाहीत का?

वापरतात, पण अन्न म्हणून नाही, वासासाठी. दाणे घाण्यात पिळून तेल काढतात. अमिग्डालिन तेलात विरघळत नाही, ते पेंडीत राहतं. ती पेंड कोमट पाण्यात कालवून ठेवतात, एन्झाइमला काम करू देतात आणि मग ऊर्ध्वपातन करतात. वाफेबरोबर वासाचं द्रव्य आणि सायनाइड दोन्ही येतात. शेवटी चुना आणि फेरस सल्फेट घालून सायनाइड बांधून काढून टाकतात. हे काम कारखान्याचं आहे, स्वयंपाकघराचं नाही. "तीन पाण्यांत भिजवा आणि खा" असे उपाय इंटरनेटवर दिसतात, ते करू नका. कसाव्यात आपण शेवटी स्टार्च वेगळा काढतो किंवा कीस दाबून पाणी फेकतो. बदामात खायचा असतो तोच दाणा, त्यामुळे विष कुठे गेलं हे घरी कळायला मार्ग नाही.

आपण खातो तो गोड बदाम प्रक्रियेने गोड झालेला नाही. तो जन्मतःच तसा आहे. एका जनुकातल्या बदलामुळे त्याच्यात अमिग्डालिन फारसं तयारच होत नाही, हे 2019 साली स्पष्ट झालं.

विषबाधेची लक्षणं कोणती आणि काय करावं?

डोकेदुखी, चक्कर, उलटी, धाप लागणं, गोंधळल्यासारखं होणं, आणि जास्त असेल तर झटके व बेशुद्धी. बदाम चावून खाल्ला असेल तर मिनिटांत ते तासा-दोन तासांत सुरू होतं, कसाव्यात काही तास लागू शकतात. घरगुती उतारा नाही. 108 ला फोन करा, किंवा गाडी हाताशी असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांना "कडू बदाम" किंवा "कच्चा कसावा" हे शब्द सांगा, किती खाल्लं तेही सांगा, उरलेलं बरोबर न्या. हायड्रॉक्सोकोबालामिन आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं आहेत, पण कारण कळलं तरच ती वेळेवर दिली जातात.

कसाव्याची पानं, साली, उकळलेलं पाणी जनावरांना घालता येईल का?

ताजं घालू नका. पानांत आणि सालीत संयुग कंदाच्या गरापेक्षा जास्त असतं. शिवाय गाई-म्हशी-शेळ्यांच्या पोटातले जीवाणू ते फार झपाट्याने फोडतात. आपल्याकडे पावसाने ओढ दिल्यावर कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडकाफडकी दगावतं, त्यामागेही सायनाइड देणारं असंच एक संयुग आहे. पानं तुकडे करून चांगली वाळवून घातली तर धोका बराच कमी होतो. उकळलेलं पाणी मात्र जनावरांच्या वाट्याला येणार नाही असं ओतून द्या.